ह्याची टोपी त्याला: उधारीच्या वसुलीतली अफरातफर आणि तिच्या तीन बाजू

नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या एका दुकानाचा हिशेब मी बरीच वर्षं पाहतोय. द्राक्षबागेला लागणारं सामान तिथे मिळतं. ठिबकच्या नळ्या, मांडवाची तार, अँगल, क्रेट. गिऱ्हाईक दिंडोरी आणि निफाडकडचे बागायतदार. ऑक्टोबरच्या छाटणीच्या आगेमागे माल उचलायचा आणि द्राक्षं गेली की फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पैसे चुकते करायचे, असा तिथला शिरस्ता. मधल्या काळात टोमॅटोचे, कांद्याचे पैसे हातात आले की शेतकरी थोडी थोडी रक्कम देत राहतात. ती आणायला दुकानाचा एक माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा. नऊ वर्षं तोच होता. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्या माणसाचं नाव इथे नको.

एका नोव्हेंबरात त्याला डेंग्यू झाला आणि तो दवाखान्यात पडला. वसुली थांबून चालणार नव्हतं, म्हणून अण्णा स्वतः गाडी काढून निघाले. तिसऱ्याच घरी शेतकरी म्हणाला, “अण्णा, ते तर मी दिवाळीच्या आधीच दिले की.” आणि देवघराच्या खणातून पावती काढून पुढे ठेवली. चाळीस हजारांची. अण्णांच्या वहीत त्या नावावर जमा होते दहा हजार.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा मला फोन आला. ते एवढंच म्हणाले, “तो असं करणारा माणूस नाही हो.” खरं होतं. करणारा माणूस वेगळा दिसतो हीच आपली पहिली चूक असते.

तीन बाजू म्हणजे काय

डोनाल्ड क्रेसी नावाचे अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ होते. अफरातफरीसाठी शिक्षा झालेल्या माणसांना ते तुरुंगात जाऊन भेटले, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि १९५३ साली निष्कर्ष मांडला. विश्वासाच्या जागेवर बसलेला माणूस पैशाला हात लावतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक, पैशाची अशी अडचण जी तो कोणाला सांगू शकत नाही. दोन, ती अडचण गुपचूप सोडवण्याची वाट त्याला आपल्याच कामात दिसते. तीन, ‘मी चोर नाही’ असं स्वतःला पटवणारं एखादं वाक्य त्याला सापडतं. ‘फ्रॉड ट्रँगल’ हे नाव पुढे इतरांनी दिलं. मराठीत आपण दडपण, संधी आणि मनाची समजूत म्हणू.

या तिन्हींत एक बारकावा सहसा सुटतो. दडपण म्हणजे नुसती पैशाची तंगी नव्हे. तंगी सगळ्यांनाच असते आणि बहुतेक माणसं उसनवारी करून, दागिना गहाण ठेवून, मालकाकडे उचल मागून ती निभावून नेतात. क्रेसींचा भर ‘सांगता न येण्या’वर होता. आणि मनाची समजूत ही चोरीनंतर सुचलेली सबब नसते. ती आधी तयार होते, त्यानंतरच हात पुढे जातो.

अण्णांच्या माणसाचं बघा. पगार साडेसोळा हजार. एका मित्राला पतसंस्थेच्या कर्जासाठी तो जामीन राहिला. ‘कोणाला जामीन राहू नकोस’ असं वडिलांनी बजावलं होतं आणि बायकोनेही. मित्र हप्ते बुडवून गाव सोडून गेला आणि ६,८०० रुपयांचा हप्ता याच्या गळ्यात आला. तीन हप्ते थकले तेव्हा वसुलीची नोटीस घरी जाईल असं पतसंस्थेने सांगितलं. घरी सांगायची सोय नव्हती. दुकानात सांगायचं तर तिथे सगळे यालाच पैशाबाबत सल्ला विचारायचे. वीस हजारांच्या रकमेपेक्षा लाज मोठी होती.

संधीबद्दल पुढे सविस्तर बोलायचं आहे, ती या सगळ्याची नाभी आहे.

मनाची समजूत त्याने नंतर माझ्यासमोर बोलून दाखवली, म्हणून मला ती शब्दशः माहीत आहे. पहिलं वाक्य, “मी उसने घेत होतो, द्राक्षाचं पेमेंट आलं की टाकणार होतो.” दुसरं, “पेट्रोल दोन वर्षं माझ्या खिशातून जातंय, अण्णांनी एकदाही विचारलं नाही.” तिसरं मात्र अण्णांना झोंबलं. “दुकानात बिलाशिवाय माल जातो तेव्हा ते पैसे कुठे जातात, मला माहीत नाही का?” अण्णा खाली बघत राहिले.

तिसऱ्या वाक्याचं दुहेरी नुकसान असतं. मालकच वहीबाहेरचा व्यवहार करत असेल तर वहीबाहेर जाणं हे नोकराला या दुकानाचं वळण वाटतं. शिवाय मालकाचं तोंड बांधलं जातं. तक्रार करायला गेलो तर आपलीच वही उघडी पडेल, हे दोघांनाही ठाऊक असतं.

गल्ला रोज जुळत होता

अण्णा निष्काळजी नव्हते. रोज रात्री शटर ओढायच्या आधी रोजमेळ आणि गल्ला स्वतः जुळवायचे, पाच रुपयांचा फरक असला तरी शोधायचे. दोन वर्षं गल्ला रोज जुळला, कारण चोरलेले पैसे गल्ल्यात कधी आलेच नव्हते. रोकड मोजून ही अफरातफर सापडत नाही. ती खतावणीत राहते, गिऱ्हाइकांच्या खात्यांत.

आकडे घेऊन पाहू. अ, ब आणि क हे तीन शेतकरी धरा.

८ नोव्हेंबरला अ ने रोख २०,००० दिले. त्याला पावती मिळाली, पैसे माणसाच्या खिशात गेले, वहीत काहीच नाही. आता अ च्या खात्यात २०,००० चं भोक आहे. अ ला ते माहीत नाही आणि अण्णांना वाटतं, अ ने अजून दिले नाहीत.

२२ नोव्हेंबरला ब ने ३५,००० दिले. अ ची बाकी आणखी ताणली तर अण्णा फोन करतील, म्हणून यातले २०,००० अ च्या नावावर जमा झाले. राहिलेल्या १५,००० मधले ५,००० हप्त्यासाठी काढले आणि १०,००० ब च्या नावावर पडले. अ चं खातं आता चोख. भोक ब कडे सरकलं आणि २५,००० चं झालं.

६ डिसेंबरला क ने ४०,००० दिले. त्यातून ब ची भरपाई २५,०००, खिशात ५,०००, क च्या नावावर १०,०००. भोक क कडे, ३०,००० चं.

शेतकऱ्यांनी मिळून दिले ९५,०००. वहीत आले २०, १०, २५ आणि १० असे एकूण ६५,०००. मधले तीस हजार कुठे, हे खातं उघडून कळत नाही, कारण प्रत्येक खातं उघडाल तेव्हा ‘थोडी बाकी आहे’ एवढंच दिसतं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: ह्याची टोपी त्याला.

हे खेळवणं महाकठीण काम आहे. कोणाचे किती आले, किती दाखवले, कोणाचा फोन येऊ शकतो, सगळं डोक्यात ठेवावं लागतं. एका दिवसाचीही सुटी घेता येत नाही. दोन वर्षांत हा माणूस सलग दोन दिवस घरी राहिला नव्हता. मेहुणीच्या लग्नालाही हळदीला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात हजर. अण्णा कौतुकाने सांगायचे, माणूस असावा तर असा.

आणि हे चाललं कशावर? तीन कामं एका हातात होती. पैसे घेणं त्याच्याकडे, टॅलीत नोंद करणं त्याच्याकडे आणि ‘माझी बाकी किती’ असा शेतकऱ्याचा फोन आला तर उत्तर देणंही त्याच्याकडे. यातलं कुठलंही एक दुसऱ्याकडे असतं तर ब ची टोपी अ ला घालणं महिनाभरही निभलं नसतं. पावतीपुस्तक तर मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातलं तयार. तसल्या प्रत्येक पुस्तकात १ ते १०० नंबर असतात, म्हणजे दोन पुस्तकं शेजारी ठेवली तर जुळी. दुकानाचा शिक्का काउंटरच्या खणात, खणाला कुलूप नाही. वर्षभरात त्याने स्वतःचं दुसरं पुस्तक आणलं आणि स्थळप्रतींचा प्रश्नच मिटवून टाकला.

खुणा, आणि त्यांना किती मानायचं

वसुलीवरून परत येणाऱ्या माणसाचा चेहरा वाचत बसू नका. खातेउतारा वाचा.

सर्वांत बोलकी खूण म्हणजे शेतकऱ्याने एकरकमी दिलेले पैसे खात्यात दोन तुकड्यांत दिसतात. ब ने ३५,००० एकदाच दिले, पण उताऱ्यात २२ नोव्हेंबरला १०,००० आणि ६ डिसेंबरला २५,००० आहेत. एकाच खात्यात असं होणं काही नाही, लोक तुकड्यांत देतातच. पण डझनभर खात्यांत तीच नक्षी दिसली, आणि एकाचा दुसरा तुकडा ज्या दिवशी पडतो त्याच दिवशी दुसऱ्याचा पहिला पडतो असं आढळलं, तर उठून बसा.

दुसरी खूण तारखेची. पावतीवरची तारीख आणि वहीतली तारीख यांत दोन-चार दिवसांचा फरक गावोगाव फिरणाऱ्याच्या बाबतीत समजू शकतो. चौदा दिवसांचा नाही.

तिसरी खूण बँकेच्या उताऱ्यात सापडते. खेळ सुरू झाल्यावर काही शेतकरी यूपीआयने थेट दुकानाच्या खात्यात पैसे टाकू लागले. ते खिशात जाऊ शकत नव्हते, पण भोक बुजवायला उपयोगी पडले. बँकेत पैसे क कडून आलेले दिसतात, टॅलीत जमा ब च्या नावावर. इथे लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. बापाची उधारी मुलाच्या मोबाइलवरून चुकती होते, भावाची भावाच्या. नाव जुळत नाही एवढ्यावर कोणाला चोर म्हणाल तर तुमचीच शोभा होईल. गिऱ्हाइकाला विचारा.

उलट ज्या आकड्याकडे बहुतेक मालक बघतात तो इथे आंधळा असतो. अण्णा दर महिन्याला ‘नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी’ काढून बघायचे. त्यात काही दिसलं नाही, कारण हा माणूस सर्वांत जुनं भोक आधी बुजवायचा. जुनी येणी उलट नेहमीपेक्षा बरी दिसत होती. वाढत होती ती एकूण येणी आणि तीही हळूहळू. अडतीस लाखांच्या उधारीत पावणेदोन लाख नजरेत भरत नाहीत.

आता तुमच्या दुकानात

कागद घ्या आणि फक्त उधारीच्या वसुलीची वाट काढा. पैसे कोण घेतो, वहीत कोण लिहितो, गिऱ्हाइकाला बाकी कोण सांगतो. तिन्हींसमोर नावं लिहा. दोन ठिकाणी एकच नाव आलं तर लक्ष ठेवा, तिन्ही ठिकाणी आलं तर आधी तेच मोडा. चार माणसांच्या दुकानात प्रत्येक कामाला वेगळा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. माणूस आणायची गरज नाही. तिसरं काम मालकाने स्वतःकडे घ्यायचं, कारण त्याला वेळ सर्वांत कमी लागतो.

ते असं. ज्या दिवशी ज्याची रक्कम वहीत जमा झाली त्याला त्याच संध्याकाळी मालकाच्या फोनवरून निरोप जातो. ‘राम राम. आज तुमच्या खात्यात रु. १०,००० जमा. शिल्लक बाकी रु. ४२,५००. काही फरक वाटला तर याच नंबरवर फोन करा.’ दिवसाला आठ-दहा निरोप, पंधरा मिनिटांचं काम. ब ने पस्तीस हजार दिले आणि निरोप दहा हजारांचा आला तर तो रात्री जेवायच्या आधी फोन करेल. ज्याच्या खिशातून पैसे गेलेत त्याच्यासारखा राखणदार तुम्हाला पगार देऊन मिळणार नाही. फक्त निरोप पाठवायचं काम ‘तुला मोबाइल चांगला जमतो’ म्हणून त्याच माणसाकडे देऊ नका. मी हेही पाहिलं आहे. आणि ज्याला निरोप गेलाच नाही त्याच्याकडून पैसे आले नाहीत असं धरून चालू नका. अ च्या बाबतीत पहिल्या दिवशी वहीत काहीच नव्हतं, म्हणून निरोपही गेला नसता. यासाठी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, बाकी असलेल्या प्रत्येकाला बाकीचा निरोप जायला हवा. एकाच तारखेची बाकी, सगळ्यांना एकाच दिवशी. आज दिंडोरीकडच्यांना आणि पुढच्या आठवड्यात निफाडकडच्यांना पाठवाल तर मधल्या आठवड्यात भोक इकडून तिकडे जाऊन बसतं.

पावतीपुस्तकं छापून घ्या. दुकानाच्या नावाची, सलग नंबरांची, पुन्हा कधी न येणाऱ्या नंबरांची. पन्नास-पन्नास पावत्यांची पुस्तकं कुलपात ठेवायची आणि एका साध्या वहीत कोणतं पुस्तक कोणाला कधी दिलं याची सही घ्यायची. नवं पुस्तक देताना जुनं परत घेऊन पानं मोजायची. रद्द पावतीची गिऱ्हाइकाची प्रतही पुस्तकातच चिकटलेली हवी, नसेल तर ती रद्द नाही. शेतकऱ्यांना एकदाच सांगून ठेवा की या छापाच्या पावतीशिवाय दुसरी घेऊ नका.

टॅलीत वसुलीवाल्याला वेगळं लॉगिन द्या आणि मागच्या तारखेची नोंद करायची मुभा काढून घ्या. टॅलीप्राइममध्ये एडिट लॉगची सोय असते, नोंद कोणी कधी बदलली ते त्यात राहतं. मालकाचा पासवर्ड सगळ्या दुकानाला पाठ असेल तर मात्र याचा काही उपयोग नाही. अण्णांचा पासवर्ड त्यांच्या नातीचं नाव होतं आणि ते त्यांच्या स्कूटरवरही रंगवलेलं होतं.

वर्षातून एकदा सलग आठ दिवस सुटी सक्तीची करा आणि त्या आठ दिवसांत काम दुसऱ्याने करायचं, साचवून ठेवायचं नाही. सुटी कधी द्यायची याला महत्त्व आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वसुलीचा लोंढा असतो, तेव्हा कोणाचंही भोक कोणाच्याही पैशाने सहज बुजतं आणि काहीच सापडत नाही. पावसाळ्यापासून छाटणीपर्यंत पैसे तुटपुंजे येतात, तेव्हा खेळवणाऱ्याची खरी ओढाताण असते. अवकाळीने बागा झोडपल्या की तर कडेलोट होतो, कारण ज्यांच्या पैशाने बुजवायचं तेच येत नाहीत. म्हणून सुटी आणि अचानक तपासणी ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये ठेवा.

तपासणी म्हणजे दहा-बारा खाती निवडून मालकाने स्वतः गिऱ्हाइकांना भेटणं. निम्मी खाती दोन तुकड्यांची नक्षी असलेली घ्या, निम्मी डोळे मिटून. ‘तुमची बाकी एवढी आहे ना?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘आमचा हिशेब तपासतोय, तुमच्या पावत्या दाखवता का?’ असं म्हणा, त्यात कोणावर संशय नाही. पावतीचा नंबर, तारीख आणि रक्कम मोबाइलवर फोटो काढून घ्या.

हे सगळं संधीच्या बाजूचं झालं. दडपणाच्या बाजूला मालकाचे हात आखूड असतात. कोण कोणाला जामीन राहिलाय हे शोधत फिरलात तर दुकानाची पोलीस चौकी होईल. एक गोष्ट करता येते. अडचण सांगायची वाट उघडी ठेवता येते. अण्णांकडे आता उचलीचा नियम आहे. वर्षातून एकदा दोन पगारांपर्यंत उचल, कारण विचारायचं नाही, दहा महिन्यांत पगारातून कापायची. ‘कारण विचारायचं नाही’ हे कलम मी आग्रहाने घालायला लावलं. लाजेची अडचण असलेला माणूस कारण विचारलं की उठून जातो. पेट्रोल किलोमीटरवर आणि महिन्याच्या महिन्याला. दिवाळीचं आधी कबूल केलेलं दिवाळीलाच, निदान ‘यंदा जमणार नाही’ हे तरी आधीच तोंडाने सांगून. यातून मनाची समजूत तयार होणं थांबेल असं मी म्हणत नाही, पण तिला लागणारं खतपाणी तुमच्याकडून जायला नको.

सापडलं तर

अण्णांनी पहिल्या रात्री दवाखान्यात जाऊन जाब विचारायचं ठरवलं होतं. मी थांबवलं. आधी कागद. पुढचे सहा दिवस ते आणि त्यांची सून गावोगाव फिरले, पावत्यांचे फोटो काढले, मी इकडे खाती जुळवली. सूनबाई कॉमर्सच्या पदवीधर निघाल्या आणि निम्मं काम त्यांनीच केलं. इतकी वर्षं त्यांना दुकानात कोणी बसू का दिलं नाही हा वेगळा लेख होईल.

नुकसान मोजताना एक चूक हमखास होते. उशिरा जमा झालेली प्रत्येक रक्कम चोरी म्हणून मिळवत गेलात तर आकडा कैक पट फुगतो. वरच्या उदाहरणात अ चे २०,००० उशिरा का होईना जमा झाले, ब ची उरलेली रक्कमही. ठरलेल्या दिवशी प्रत्येक खात्यात ‘पावत्यांप्रमाणे बाकी’ आणि ‘वहीप्रमाणे बाकी’ यांतला जो फरक उरतो, त्यांची बेरीज म्हणजे नुकसान. उदाहरणात फक्त क चे ३०,०००. अण्णांकडे सात खात्यांत मिळून १,७६,५०० निघाले.

मग तो बरा होऊन आल्यावर दुपारी, दुकानात, अण्णा, सूनबाई आणि मी असे बसलो. कागद समोर ठेवले. त्याने साठेक हजार असतील असं सांगितलं आणि मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. त्याने कधी बेरीजच केली नव्हती. मधे एकदा पंधरा हजार परत टाकले होते, तेवढं मात्र त्याला तारखेसकट आठवत होतं.

अशा वेळी दार लावून डांबणं, चार माणसं जमवून दमदाटी करणं, कोऱ्या कागदावर सही घेणं यातलं काही करू नका. उद्या तुम्हीच आरोपी व्हाल. गुन्हा म्हणून पाहायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेल्या विश्वासघाताला कलम ३१६(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फिर्याद द्यायची की लिहून घेऊन वसूल करायचं, हे वकिलाशी बोलून ठरवा. अण्णांनी फिर्याद दिली नाही. वडिलांनी हप्त्याहप्त्याने फेडायचं रीतसर लिहून दिलं, माणूस कामावरून गेला. मला स्वतःला फिर्याद न देणं पूर्ण पटलं नव्हतं. पण बिलाशिवायच्या विक्रीचं ते तिसरं वाक्य खोलीत अजून घुमत होतं, हेही खरं.

गिऱ्हाइकांची खाती मात्र त्याच आठवड्यात दुरुस्त करून द्या. दुकानाच्या माणसाने दुकानाच्या नावाने पावती दिली असेल तर शेतकऱ्याने पैसे दिले, विषय संपला. ते त्याच्याकडून पुन्हा मागायला गेलात तर पुढच्या छाटणीला तो दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर असेल.

त्रिकोण कुठे थांबतो

क्रेसी ज्यांना भेटले ते पकडले गेलेले आणि शिक्षा झालेले लोक होते. न सापडलेल्यांबद्दल त्यांचा त्रिकोण काही सांगत नाही. चोरी करायच्या हेतूनेच नोकरीला लागलेल्याला दडपणही लागत नाही आणि मनाची समजूतही. शिवाय तीन बाजू जुळल्या म्हणजे माणूस चोरी करेलच असं नाही. तिन्ही असूनही न करणारी माणसं मी या नाशकातच किती तरी पाहिली आहेत. त्यामुळे ‘याला कर्ज आहे, हा कुरकुर करतो, म्हणजे हाच’ असं गणित मांडू नका. झाल्यावर कसं झालं ते समजायला त्रिकोण बरा. होण्याआधी तो एवढंच सांगतो की तीनपैकी दोन बाजू दुसऱ्याच्या मनात आहेत आणि एक तुमच्या दुकानाच्या रचनेत.

अण्णांच्या दुकानात आता सूनबाई वही लिहितात, नवा मुलगा वसुलीला जातो आणि निरोप अण्णांच्या फोनवरून जातात. बिलाशिवायचं बंद झालं. अण्णांची स्वतःची उचलही रोजमेळात लिहायची असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी गल्ल्यातून दोन हजार काढून खिशात घातले आणि चहाला निघाले. सूनबाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं, “अण्णा, हे कोणाच्या नावावर टाकू?”